फ्रिजमधला दिवा गेला? आधी दाराचं बटण तपासा

एलईडीच्या दिव्याचं आयुष्य साधारण २५,००० तासांचं, असं बनवणारे सांगतात. आता फ्रिजचा हिशेब मांडून बघू. चार-पाच माणसांच्या घरात फ्रिज दिवसातून चाळीसेक वेळा उघडला, प्रत्येक वेळी पंधरा सेकंद उघडा राहिला, तर आतला दिवा दिवसभरात १० मिनिटं जळतो. म्हणजे वर्षाला जेमतेम ६० तास. या चालीने २५,००० तास संपायला चारशेहून जास्त वर्षं लागतील. शिवजन्माच्या वर्षी लावलेला दिवा आजही लख्ख असायला हरकत नाही.

आणि तरीही चौथ्या-पाचव्या वर्षी फ्रिजचा दिवा गेलेली घरं हवी तेवढी सापडतात. कोथिंबिरीची जुडी मोबाईलच्या टॉर्चने शोधायची वेळ येते, मग मेकॅनिकला फोन जातो, तो नवा दिवा बसवून पैसे घेऊन जातो. एवढे तास खर्च झाले कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही.

बऱ्याचदा ते दार बंद असताना खर्च झालेले असतात. दाराचा स्विच बिघडला आणि दिवा रात्रंदिवस जळत राहिला, तर २५,००० तास तीन वर्षांच्या आतच भरतात. आत कोण बघायला बसलंय? आपण दार उघडतो तेव्हा दिवा लागलेलाच असतो आणि तो लागलेलाच असायला हवा. त्यामुळे शंका यायचं कारणच नाही.

सगळेच दिवे असे मरत नाहीत, हेही सांगायला हवं. एलईडी म्हातारा होतो तो हळूहळू मंद होत. त्या २५,००० तासांचा अर्थही बहुधा इतकाच, की तोवर उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर आलेला असेल. एके दिवशी अचानक काळोख झाला तर बहुतेक वेळा आतल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक भागाने मान टाकलेली असते, नाहीतर ओलीमुळे डाखाचा जोड गंजून सुटलेला असतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार कव्हरवर दव धरते. जुना पिवळा बल्ब स्वतः तापायचा, त्यामुळे त्याच्या आसपासची ओल वाळून जायची. एलईडी जवळजवळ तापतच नाही, त्यामुळे ओल तशीच बसून राहते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

दिवा नक्की कशाने गेला, याचा पहिला अंदाज नुसत्या डोळ्यांनी घेता येतो. कव्हरच्या आड बहुधा एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावर एलईडीचे पिवळसर ठिपके ओळीने बसवलेले असतात. १२ व्होल्टच्या पट्टीत ते सहसा तीन-तीनच्या गटात एकामागे एक जोडतात, कारण एका पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. गटातला एक गेला की तिघेही विझतात, शेजारचा गट मात्र चालू राहतो. म्हणून पट्टीचा काही भाग उजळ आणि काही काळा दिसला, किंवा उजेड फडफडायला लागला, तर खोट पट्टीत आहे असं धरायला हरकत नाही. पट्टी पूर्ण काळी असेल, तर ती मेलेलीच आहे असं नाही. तिच्यापर्यंत वीज पोचतच नसेल, आणि वीज अडवायची पहिली जागा म्हणजे दाराचा स्विच.

हा स्विच नेहमीच्या बटणापेक्षा उलटा चालतो. दाबला नाही तेव्हा दिव्याचा मार्ग जोडलेला असतो, दाबला की तुटतो. दार बंद झालं की दाराची कड बटणाला आत ढकलते आणि दिवा विझतो. दार उघडलं की आतली स्प्रिंग बटण बाहेर लोटते. त्यामुळे स्विच दोन तऱ्हांनी अडतो. बटण आतच रुतलं तर दिवा कधीच लागत नाही, आणि चांगली पट्टी मेलेली समजून आपण नवी विकत आणतो. दार बंद होऊनही बटण पुरेसं दाबलं गेलं नाही, तर दिवा कधीच विझत नाही.

जुन्या फ्रिजमध्ये ही दुसरी तऱ्हा लपून राहायची नाही. तिथे ई-१४ नावाच्या बारीक आट्यांच्या होल्डरमध्ये १५ वॉटचा बल्ब असे. तो दिवसभर जळला तर रोज एक तृतीयांश युनिटहून अधिक वीज खायची, शिवाय त्याची उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसर जास्त चालायचा. शेजारच्या कप्प्यातलं दूध नासायचं, कव्हर पिवळं पडायचं, सकाळी दार उघडून बल्बला बोट लावलं तर चटका बसायचा. एलईडी जेमतेम एक-दोन वॉटचा. तो महिनाभर अखंड जळला तरी वीजबिलात एक-दीड युनिटाचा फरक, दूध शाबूत आणि बोटाला काही लागत नाही. एलईडी आल्यापासून अडलेल्या स्विचची चाहूल लागणंच बंद झालं आहे. कळतं ते दिवा जातो तेव्हा.

इथपर्यंत प्रश्न फक्त दिव्याचा होता. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये त्याच स्विचकडे आणखी एक काम असतं. अशा फ्रिजमध्ये गारवा तयार होतो फ्रीझरच्या पाठीमागे, आणि तिथला एक पंखा ती गार हवा वर फ्रीझरमध्ये आणि खाली भाजी-दुधाच्या कप्प्यात ढकलतो. दार उघडं असताना पंखा फिरत राहिला तर गार हवा स्वयंपाकघरात आणि दमट हवा आत, असा व्यवहार होईल. म्हणून साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मॉडेलांत दाराच्या स्विचमध्ये दोन जोड्या असतात. एक दिव्याची, बटण सुटलं की जुळणारी. दुसरी पंख्याची, बटण दाबलं की जुळणारी. मागे दोनच पिना दिसल्या तर स्विच फक्त दिव्याचा, तीन किंवा चार दिसल्या तर पंखाही त्याच्यावर आहे, हे ओळखायची सोपी खूण.

आमच्या शेजारच्या काकूंकडे नेमका हाच घोळ झाला होता. त्यांचा फ्रिज अडीचशे लिटरचा, दोन दारांचा, पाच वर्षांचा. आधी खालच्या भागातला दिवा गेला, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तोवर खालच्या कप्प्यात दही दुसऱ्याच दिवशी आंबट व्हायला लागलं होतं. गंमत म्हणजे वर बर्फ व्यवस्थित होत होता. एक मेकॅनिक येऊन फ्रिजच्या पाठीला हात लावून म्हणाला, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." फ्रिज थंड होत नाही म्हटलं की गॅसवर बोट ठेवायची या धंद्यातली जुनी सवय आहे. काकूंनी विचारलं, "अहो, मग वर बर्फ कसा होतो?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा मेकॅनिक आला तो वयाने मोठा होता आणि त्याने हत्यारांची पिशवी आल्या आल्या उघडलीसुद्धा नाही. वरचं दार बंद होतं. त्याने खालचं दार उघडलं, कडेच्या चौकटीतलं पांढरं बटण अंगठ्याने दाबलं आणि कान लावला. वरच्या बाजूला पंख्याची बारीक घरघर सुरू झाली. अंगठा काढला, घरघर थांबली. म्हणजे बटण चांगलं, पंखा चांगला, त्यांच्यामधली वायरही चांगली. मग त्याने दार बंद केलं, तर आवाज नाही. अंगठ्याने चालणारा पंखा दाराने चालत नव्हता. त्याने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, दुहेरी घडी करून दाराच्या आतल्या कडेवर, बटण जिथे टेकतं तिथे, चिकटपट्टीने लावला आणि दार परत लावलं. घरघर सुरू. "ताई, दार उतरलंय," एवढंच तो म्हणाला.

दार उतरलं होतं ते बाटल्यांमुळे. उन्हाळाभर दाराच्या खालच्या खणात पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या. आठ किलोंचं वजन रोज चाळीस वेळा झुलतं, तेव्हा खालच्या बिजागरीतला प्लास्टिकचा बुश झिजतो आणि दार बिजागरीच्या विरुद्ध बाजूला दोन-तीन मिलिमीटर खाली झुकतं. दाराचं चुंबकी रबर लवचिक असल्यामुळे ते तरीही चिकटतं, म्हणून दार नीट लागल्यासारखंच वाटतं. पण बटणावर टेकणारी कड थोडी सरकलेली असते. बटण अर्धवट दाबलं जातं, पंख्याची जोडी जुळत नाही आणि दिव्याची तुटत नाही. काकूंच्या फ्रिजमधला दिवा कित्येक महिने बंद दाराआड जळत होता आणि शेवटी गेला. पंखा बंद राहायचा, त्यामुळे गारवा वरच साठायचा. दोन्ही तक्रारींचं मूळ त्या दोन-तीन मिलिमीटरांत होतं. नवा बुश, बिजागरीखाली एक वॉशर आणि मग नवी पट्टी, अशा क्रमाने काम झालं. पट्टी आधी बदलली असती तर तीही पहिल्या रात्रीपासून जळत बसली असती.

हा सगळा शोध घरच्या माणसालाही घेता येतो, आणि नवा दिवा आणण्याआधी घ्यावाच. दिवा थोडाफार जळत असेल तर बोटाने बटण दाबा, तो विझायला हवा. दिवा साफ गेला असेल तर पंख्याच्या आवाजाकडे कान द्या. मात्र आवाज आला नाही म्हणून लगेच स्विचला दोष देऊ नका. फ्रिज पुरेसा थंड होऊन कॉम्प्रेसर थांबलेला असेल, किंवा आत साठलेला बर्फ वितळवण्याची पाळी चालू असेल, तर पंखाही थांबलेलाच असतो. अर्ध्या तासाने, कॉम्प्रेसर चालू असताना परत बघा. एकाच दाराच्या फ्रिजमध्ये पंखा नसतो, तिथे मल्टिमीटर लागतो. फ्रिजची पिन सॉकेटमधून काढायची, स्विच बाहेर घेऊन त्याच्या वायरी सुट्या करायच्या, मीटर बीपवर ठेवून दिव्याच्या दोन पिनांना लावायचा. बटण सुटं असताना बीप यायला हवा, दाबल्यावर थांबायला हवा. दोन्ही वेळा गप्प राहिला किंवा दोन्ही वेळा वाजला, तर स्विच कामातून गेला.

कधीकधी स्विच धड असतो, नुसता चिकटलेला असतो. आमटीचा ओघळ, सरबताचा थेंब, आंब्याचा रस बटणाच्या भोवतालच्या फटीत वाळतो आणि स्प्रिंगला बटण बाहेर लोटता येत नाही. पिन काढून, कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसत बटण दहा-वीस वेळा आतबाहेर केलं की बहुधा मोकळं होतं. मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे तिथे मारू नये. प्लास्टिक कमजोर होऊ शकतं, आणि अन्नाला तो वास कुणालाच नको असतो.

नव्या फ्रिजमध्ये मात्र कितीही शोधलं तरी बटण सापडत नाही. तिथे दाराच्या आत एक लहान चुंबक दडवलेला असतो आणि समोर, चौकटीच्या आत किंवा वरच्या बिजागरीच्या कव्हरखाली, चुंबक ओळखणारा सेन्सर. पुष्कळदा तो रीड स्विच असतो. काचेच्या सीलबंद नळीत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पात्या असतात, चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात. अमेरिकेत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली तो शोधला, तेव्हा डोळ्यासमोर टेलिफोन होते. आमटीचा ओघळ त्याचं काही बिघडवू शकत नाही, हा फ्रिजमधला त्याचा मोठा गुण. तपासायची रीत म्हणजे दार उघडं ठेवून कपाटाच्या दाराला असतो तसला एखादा दमदार चुंबक चौकटीच्या वरच्या कडेने हळूहळू सरकवायचा. एका जागी दिवा विझेल. चुंबकाने विझतो पण दाराने विझत नसेल, तर दारातला चुंबक निखळलाय किंवा इथेही दार उतरलंय. अशा फ्रिजमध्ये सेन्सरचा संदेश पीसीबीकडे जातो आणि दिवा, पंखा दोन्ही तीच चालवते. दार फार वेळ उघडं राहिलं तर बरीच मॉडेलं बीप करतात. दार बंद असूनही फ्रिज बीप करत असेल, तर तो आपल्या परीने स्विचचीच तक्रार करतोय.

स्विचची खात्री झाली की दिवा बदलणं हे फार तर अर्ध्या तासाचं काम. सुरुवात पिन काढण्यापासून. बोर्डावरचं बटण बंद करून भागत नाही, कारण घरचं वायरिंग उलटसुलट झालेलं असेल तर बटण बंद असूनही वायरीत वीज असते. पट्टीवर १२ व्होल्ट लिहिलेलं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. काही पीसीबींचा तो पुरवठा घरच्या विजेपासून पुरता वेगळा केलेला नसतो, आणि एकाच दाराच्या कित्येक फ्रिजमध्ये दिवा थेट २३० व्होल्टवरच असतो.

मग दार उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. गार प्लास्टिक ठिसूळ असतं आणि दिव्याच्या कव्हरच्या खुंट्या तुटतात त्या याच घाईत. कव्हर जरा कोमट झालं की जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून एका कडेने उचलायचं. स्क्रू-ड्रायव्हर वापरावाच लागला तर त्याच्या टोकाला कापड गुंडाळा, आणि फ्रिजच्या आतल्या भिंतीवर तो कधीही टोचू नका. काही मॉडेलांत गॅसच्या नळ्या त्या पातळ प्लास्टिकच्या मागेच असतात. पट्टी बाहेर आली की तिची वायर आत परत न सटकू देता कनेक्टर सोडवायचा. त्याला बारीक जीभ असते, ती दाबून कनेक्टर ओढायचा, वायर नाही. ही वायर फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये गाडलेली असते. ती आतून तुटली तर भिंत फोडल्याशिवाय हाती लागत नाही.

नवी पट्टी घेताना "अमुक कंपनीचा फ्रिज, अमुक लिटर" एवढं सांगून चालत नाही, कारण एकाच लिटरच्या फ्रिजमध्ये वर्षागणिक पट्टी बदललेली असते. आतल्या भिंतीवर, बहुधा भाजीच्या ट्रेच्या वर, मॉडेल नंबरचा स्टिकर असतो. जुन्या पट्टीच्या पाठीवरही नंबर आणि व्होल्ट छापलेले असतात. दोन्हींचा फोटो काढून दुकानात न्या, जमलं तर पट्टीच न्या. १२ व्होल्टची पट्टी २३० वर लावली तर क्षणात जाते. उलट लावली तर लागतच नाही, आणि मग दोष परत स्विचच्या माथी. जुन्या होल्डरचा फ्रिज असेल तर ई-१४ चा छोटा एलईडी बल्ब सरळ बसतो, फक्त तो जुन्या बल्बपेक्षा लांब नसावा, नाहीतर कव्हर लागत नाही.

बसवण्याआधी कनेक्टरच्या पिना बघा. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर ती गंजाची. ती कोरड्या ब्रशने काढा, आणि कव्हरच्या आतलं दव पुसून पूर्ण वाळू द्या.

स्विचच बदलायचा असेल तर एक पथ्य पाळावं लागतं. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन हा वायू भरलेला असतो. तो ज्वलनशील आहे, म्हणूनच पाठीमागच्या पट्टीवर ज्वाळेचं पिवळं चिन्ह असतं. वायूचं प्रमाण थोडं असतं, पण गळती झालीच तर बंद कप्प्यात तो साठू शकतो. स्विच उघडझाप करताना बारीक ठिणगी पडते. म्हणून अशा फ्रिजसाठीचे स्विच ठिणगी बाहेर येणार नाही अशा रीतीने बनवतात. डोअरबेलचं किंवा टेबललॅम्पचं बटण कापून तिथे बसवण्याचा जुगाड मी पाहिला आहे. दिवा लागतो खरा, पण हा जुगाड फ्रिजमध्ये नको. काढण्यापूर्वी वायरींचा फोटो घ्या. दिव्याची आणि पंख्याची वायर अदलाबदल झाली तर दार उघडताच पंखा सुरू आणि दिवा बंद, असा उलटा कारभार सुरू होतो.

सगळं जागेवर आलं की पिन लावून दार उघडा, दिवा लागेल. फ्रिज जेमतेम दोन-चार मिनिटंच बंद होता, तर पाचेक मिनिटं थांबून पिन लावलेली बरी, कारण आतला दाब समतोल झाल्याशिवाय साधा कॉम्प्रेसर अडखळतो. दिवा लागला म्हणून काम संपत नाही. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करा, फोन मधल्या कप्प्यात दिव्याकडे तोंड करून ठेवा, दार नेहमी लावता तसं लावा आणि मिनिटभराने फोन बाहेर काढा. दार लागताक्षणी चित्र काळं झालं पाहिजे. थोडा वेळ उजेड राहून मग विझला तर काही मॉडेलांत ती मुद्दाम ठेवलेली सोय असते. मिनिटभर उजेड तसाच दिसला, तर दार उतरलेलं आहे किंवा स्विच अजून अडतोय. तेव्हा दारातल्या बाटल्या उतरवून, दार हलकं करून व्हिडिओ पुन्हा घ्या. त्याने फरक पडला तर बिजागरीचं काम काढा. नाही पडला तर मेकॅनिकला बोलावताना मॉडेल नंबरचा आणि स्विचच्या मागच्या पिनांचा फोटो आधीच पाठवा, म्हणजे तो योग्य स्विच खिशात घेऊनच येईल.